हातातली बाटली काढली तर खाली काय उरतं?

"आप्पांचा एवढाच एक चांगला फोटो आहे भाऊ, तेवढी बाटली काढी टाका" असं म्हणून गेलेल्या माणसाच्या घरचे आमच्याकडे फोटो दुरुस्त करून घ्यायला येतात. फोटोतून बाटली पुसणं सोपं आहे, पण तिच्यामागे हाताचा जो भाग झाकलेला असतो तो फोटोत नसतोच, तो आम्हाला नवीन बनवावा लागतो, खरं काम ते आहे.

सिगारेटचं त्यामानाने लवकर होतं. ती काढली तरी दोन बोटांत तेवढी फट राहते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की इथे सिगारेट होती. म्हणून मधलं बोट पहिल्या बोटाकडे थोडं वळवतो, तेही मुळातून, नुसतं सरकवलं तर बोट मोडल्यासारखं दिसतं.

बाटलीचं उदाहरण सांगतो. धुळ्याकडच्या एका घरचा हळदीतला फोटो होता, आप्पा उन्हात उभे, उजव्या हातात बाटली. बाटली काढल्यावर चार बोटं हवेतच वळलेली, अंगठा लांब आणि मधे तळहाताच्या जागी काहीच नाही. मग आप्पांच्या मुलाला बोलावलं, ऊन फोटोत ज्या बाजूने पडलं होतं त्याच बाजूला उभं केलं, कॅमेरा तेवढ्याच उंचीवर, आणि हात सैल सोडायला लावून फोटो काढला. त्या हाताचा आकार घेतला पण कातडी नाही, कारण मुलाचा हात गुळगुळीत आणि आप्पांनी आयुष्यभर शेती केलेली, म्हणून सुरकुत्या आणि शिरा त्यांच्याच डाव्या हातावरून घेतल्या. हाताचं माप चेहऱ्यावरून बघतो, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी साधारण हनुवटीपासून केसांच्या रेषेएवढी येते, फक्त हात कॅमेऱ्याच्या पुढे आलेला असेल तर तो मोठा दिसणारच.

शेवटी राहतात बाटलीच्या खुणा. हिरव्या काचेचा रंग बोटांच्या आतल्या बाजूला उतरलेला असतो आणि तिची सावली शर्टावर पडलेली असते. ते राहिलं तर हात कितीही चांगला बनवा, काहीतरी खटकतंच. फोटो घ्यायला याल तेव्हा या दोन जागा नक्की बघा, आणि नवीन हात बाकी फोटोपेक्षा जास्त स्वच्छ दिसत असेल तर तसाच परत द्या, आम्ही जुन्या फोटोसारखा दाणा, म्हणजे बारीक ठिपके, त्यावर परत चढवतो.

बोट वाकडं होतं का, अंगठी कुठल्या बोटात होती, नख तुटलेलं होतं का, हे आधी सांगा. आम्ही मनाने काही बनवत नाही, तुमच्या माणसाचा हात तुम्हीच ओळखता. त्यांचे दुसरे फोटो असतील, हात दिसणारे, तर तेही आणा.

कागदावरचा फोटो असेल तर तोच घेऊन या, आम्ही 600 डीपीआयवर स्कॅन करतो. मोबाईलमधला असेल तर व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की बारीक रेषा जातात. आणि भिंतीवरच्या फ्रेमसाठी छातीपर्यंतचाच फोटो हवा असेल आणि हात त्याखाली असेल तर आम्ही फोटोच तिथपर्यंत कापून देऊ, हात बनवायचे पैसे घालवू नका.