जस्त सापडते चौथ्या गटात, पण फसवते तिसऱ्यात

बारावीच्या प्रात्यक्षिकात हातात एक पांढरा क्षार येतो आणि वहीत तीन रकाने आखायचे असतात: कृती, निरीक्षण, अनुमान. बहुतेकांचे लक्ष असते ते अवक्षेप कधी येतो याकडे. त्याआधीच्या ‘अवक्षेप येत नाही’ या ओळी घाईघाईत लिहिल्या जातात. खरे तर धन आयन ओळखण्याचे निम्मे काम त्याच ओळी करतात. झिंक सल्फेट घेऊन पाहू.

हा क्षार पाण्यात विरघळतो, त्यामुळे मूळ द्रावण सहज तयार होते. धन आयनांचा तक्ता असा भरतो:

| कृती | निरीक्षण | अनुमान |
|---|---|---|
| NaOH घालून तापवले | अमोनियाचा वास नाही | शून्य गट नाही |
| विरल HCl घातले | अवक्षेप नाही | पहिला गट नाही |
| त्याच द्रावणात H₂S सोडला | अवक्षेप नाही | दुसरा गट नाही |
| मूळ द्रावण + NH₄Cl + जास्त NH₄OH | अवक्षेप नाही | तिसरा गट नाही |
| त्याच द्रावणात H₂S सोडला | मळकट पांढरा अवक्षेप | चौथा गट, Zn²⁺ असावे |

H₂S दोनदा आला आहे. तोच वायू दुसऱ्या गटात तांब्याला खाली बसवतो, मग जस्ताला चौथ्या गटापर्यंत का सोडून देतो? कारण आम्लात H₂S चे विघटन फारच थोडे होते आणि सल्फाइड आयन नावापुरतेच उरतात. कॉपर सल्फाइडचा विद्राव्यता गुणाकार इतका लहान आहे की तेवढ्यानेही काळा अवक्षेप पडतो. झिंक सल्फाइडचा गुणाकार त्याच्या हजारो कोटी पट मोठा आहे, म्हणून त्याला जास्त सल्फाइड लागते. अमोनियाने द्रावण अल्कधर्मी झाले की ते मिळते. दुसऱ्या गटात HCl कमी पडले, तर जस्ताचा थोडा पांढरा गढूळपणा तिथेच दिसू लागतो आणि तक्ता बिघडतो.

पण सर्वांत जास्त घोळ होतो तो तिसऱ्या गटात. NH₄Cl आधी का घालायचे, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, आणि ‘समआयन परिणाम’ एवढेच उत्तर येते. प्रत्यक्षात घडते ते असे. नुसत्या NH₄OH मधून बऱ्यापैकी हायड्रॉक्साइड आयन मिळतात आणि थोड्याच थेंबांत झिंक हायड्रॉक्साइडचा पांढरा, चिकट अवक्षेप पडतो. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडही पांढराच आणि तसाच चिकट. NH₄Cl मधले अमोनियम आयन NH₄OH चे विघटन मागे रेटतात. मग हायड्रॉक्साइड इतके कमी होते की ॲल्युमिनियम आणि लोह यांचेच अवक्षेप पडतात. जस्त आणि मॅग्नेशियम विरघळलेलेच राहतात. चिमूटभर NH₄Cl टाकून भागत नाही, भरपूर घालून ढवळावे.

NH₄Cl विसरले आणि पांढरे काही दिसलेच, तर लगेच ‘तिसरा गट आहे’ असे लिहू नये. त्याच नळीत आणखी NH₄OH घालावे. जस्ताचा अवक्षेप विरघळून जातो, कारण जस्त अमोनियाबरोबर विद्राव्य संयुग बनवते. ॲल्युमिनियमचा तसाच राहतो. इथे NaOH वापरून काही कळत नाही. जास्त NaOH मध्ये दोघेही विरघळतात!

क्षार एकच असल्यामुळे वरच्या तक्त्यात तिसऱ्या गटासाठी नवे मूळ द्रावण घेतले आहे. दुसऱ्या गटाचेच द्रावण पुढे न्यायचे असेल, तर आधी ते उकळून H₂S पूर्ण घालवावा लागतो. लेड ॲसिटेटने भिजवलेला कागद वाफेवर धरावा. तो काळा पडत असेल तर अजून उकळायचे. नाहीतर अमोनिया घालताच झिंक सल्फाइड तिसऱ्या गटातच येऊन बसते. द्रावणात लोह असण्याची शक्यता असेल, तर उकळल्यानंतर तीव्र नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब घालून पुन्हा तापवतात. H₂S ने Fe³⁺ चे Fe²⁺ केलेले असते आणि ते तिसऱ्या गटात नीट उतरत नाही.

चौथ्या गटाचा रंग पाहून बराच अंदाज येतो. निकेल आणि कोबाल्ट काळे, मँगनीज फिकट गुलाबीसर, जस्त पांढरे. तरी अनुमानात ‘असावे’ हाच शब्द योग्य, कारण बारीक गंधकामुळेही द्रावण पांढरे दिसते. म्हणून निश्चिती परीक्षा करायची. मूळ द्रावणात NaOH थेंबाथेंबाने घातले की पांढरा अवक्षेप येतो आणि जास्त घातल्यावर विरघळतो. ॲल्युमिनियमचेही तसेच होते, त्यामुळे ही परीक्षा एकटी पुरत नाही. दुसऱ्या नळीत मूळ द्रावणात पोटॅशियम फेरोसायनाइड घालावे. जस्त असेल तर निळसर पांढरा अवक्षेप येतो आणि विरल HCl घातले तरी तो विरघळत नाही. अनुमानाच्या रकान्यात ‘Zn²⁺ निश्चित’ लिहायचे ते इथे.