रिकाम्या पारड्याचा काटा

इंदुरात शेजारच्या काकूंकडून मी नैराश्य मोजणारी एक प्रश्नावली भरून घेत होतो. 'गेल्या आठवड्यात प्रत्येक काम कष्टाचं वाटलं' या वाक्याशी त्या अडखळल्या. "कष्ट म्हणजे तकलीफच ना रे?" त्यांनी विचारलं. भाषांतर करणाऱ्याच्या मनात होते श्रम. दिवसभर हिंदीत वावरणाऱ्या काकूंना त्यात ऐकू आलं दुःख.

मूळ इंग्रजी प्रश्नावली सीईएस-डी ही १९७७ची. तिच्यात २० वाक्यं आहेत आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. मराठी वाक्य पुन्हा इंग्रजीत नेऊन पाहिलं, मूळ अर्थ परत आला, की भाषांतर जमलं असं मानतात. पण 'कष्ट'चं इंग्रजी करणारा पुण्याचाच असेल, तर त्याला काहीच खटकणार नाही.

हा दोष सापडतो कन्फर्मेटरी फॅक्टर अ‍ॅनालिसिसमध्ये. कोणती वाक्यं कोणती न दिसणारी गोष्ट मोजतात ते आधी ठरवायचं आणि उत्तरांमधले परस्परसंबंध त्याच्याशी जुळतात का ते पाहायचं. प्रत्येक वाक्य म्हणजे एक ताणकाटा समजा. नैराश्य एका मापाने वाढलं की काटा किती सरकतो, तो त्या वाक्याचा भार. आणि पारडं रिकामं असताना काटा कुठे उभा असतो, तो त्याचा आरंभबिंदू. बाजारातल्या भाषेत पासंग.

समजा, शारीरिक लक्षणांची ७ वाक्यं पुण्यात आणि इंदुरात शेकडो मराठी माणसांना दिली. पहिल्या पायरीवर दोन्हीकडे फक्त मांडणी सारखी ठेवली. जुळणीचा निर्देशांक सीएफआय आला ०.९५५. मग भार सारखे असल्याची अट घातली: ०.९५१. मग आरंभबिंदूही सारखे धरले: ०.९३२. एका पायरीवर ०.०१पेक्षा जास्त घसरण झाली की संशय घ्यावा, असा प्रघात आहे. घसरण कुठून आली ते शोधलं तर बोट 'कष्टा'वर येतं. नैराश्य तेवढंच असूनही पुणेकर तिथे अर्धा गुण जास्त देतो, कारण धुणीभांडी श्रमाचीच असतात, मन ठीक असलं तरी. त्या एका वाक्याची अट सैल केली की निर्देशांक ०.९४९वर येतो, आणि उरलेल्या सहांच्या आधारे सरासरींची तुलना करता येते. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत.)

हे न तपासता 'अमुक शहर सर्वांत सुखी' अशा याद्या छापतात, त्यांवर विश्वास ठेवू नये. 'दोन्हीकडे अल्फा ०.८५ आला' हेही उत्तर नव्हे. एका गटातली वाक्यं आपसांत किती जुळतात एवढंच अल्फा सांगतो. पासंग त्याला दिसतच नाही.

एक पासंग मात्र या पद्धतीलाही दिसत नाही. सातही वाक्यं एकाच दिशेने, आपापल्या भाराच्या प्रमाणात सरकली, तर गणित त्याला खरा फरक समजतं. तो पकडायला काकूंशेजारी बसून एकेक वाक्य त्यांना कसं ऐकू येतं, ते विचारावं लागतं.