कॉमर्स तिनं निवडलं की घरानं?

समाजशास्त्रात 'संरचना' म्हणजे माणसाभोवतीची सामाजिक चौकट, आणि 'कर्तेपण' म्हणजे त्याचं स्वतः निवडणं, वागणं. हे शब्द ऐकले की बरेच जण सोपी वाटणी करतात: अडचणी म्हणजे संरचना आणि जिद्द म्हणजे कर्तेपण. मला ही वाटणी साफ चुकीची वाटते.

आमच्या हडपसरच्या सोसायटीतली एक मुलगी. दहावीला ८८ टक्के, गणित आवडीचं. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना मी शेजारीच बसलो होतो. शाखा विचारली तेव्हा क्षणभरही न थांबता तिनं कॉमर्सवर टिचकी मारली. मावशी एका ऑफिसात अकाउंट्स बघते, कॉलेजला एकच बस लागते, हिशेब जमतात. कुणाची जबरदस्ती नव्हती. सहज म्हणून मी इंजिनिअरिंगचं विचारलं तर म्हणाली, "काका, ते आपल्यातलं नाही."

संरचना दिसते ती या वाक्यात. तिच्या नात्यात सायन्सला गेलेलं कुणी नाही, क्लासच्या फीचा विषय घरात कधी निघालाच नाही. त्यामुळे दार बंद आहे असं तिला वाटलंच नाही. तिथे दार आहे हेच तिच्या मनात नव्हतं. बाहेरच्या मर्यादा अशा अंगवळणी पडून आवडीनिवडी बनतात, त्याला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू 'हॅबिटस' म्हणतो.

म्हणून तिनं निवड केलीच नाही, असं मात्र नाही. कर्तेपण म्हणजे चौकट मोडणंच असं नव्हे. पॉल विलिस या ब्रिटिश संशोधकानं १९७७ साली इंग्लंडमधल्या एका औद्योगिक गावातल्या कामगारांच्या घरांतल्या बारा मुलांचा अभ्यास मांडला. ती मुलं शाळेला जुमानत नव्हती, पुस्तकी कामाला बायकी समजून हसत होती. बंड त्यांचं स्वतःचं होतं, आणि त्याच बंडानं ती वडिलांसारखीच कारखान्यात पोचली. म्हणजे कर्तेपण पुरेपूर, आणि संरचनाही जशीच्या तशी.

उलट, संरचना वाटाही उघडते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधीही मुलांना इंजिनिअर व्हायचं असे, पण जागा मोजक्या होत्या. जागा वाढल्या, फी परवडणारी घरं पुढे आली, आणि त्यांच्या निवडींतून पुण्यातल्या कित्येक घरांत 'सायन्सच घ्यायचं' हा न बोललेला नियम झाला. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स म्हणतो ते हेच: माणसं संरचनेतून वागतात आणि वागता वागता तीच पुन्हा घडवतात.

त्यामुळे एकाच माणसाच्या आयुष्यात संरचना किती टक्के, असं विचारू नये. तशी टक्केवारी निघत नाही. त्या वस्तीतली बहुतेक मुलं कुठे जातात हे पाहिलं की संरचना दिसते. त्या मुलीला 'का?' विचारलं की कर्तेपण ऐकू येतं.

ती आता सीएकडे आर्टिकलशिप करते. यंदा तिच्या धाकट्या भावाची अकरावी आहे. अर्ज भरायला तो माझ्याकडे आला नाही, तिच्याशेजारी बसला.