फोनमधलं रोमिंग वेगळं, सिमवरचं रोमिंग वेगळं

बाबा दुबईला उतरले आणि एअरपोर्टच्या वायफायवरून मेसेज आला, रोमिंग ऑन आहे तरी नेटवर्क नाही. ऑन म्हणजे त्यांनी सेटिंगमधलं Data roaming चालू केलं होतं, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

तो स्विच फक्त इंटरनेटचा आहे. तो बंद असला तरी परदेशात कॉल-एसएमएस चालायला हवेत, दांड्या दिसायला हव्यात. दांड्याच नसतील तर तो स्विच शंभर वेळा चालू-बंद करून काही होत नाही, कारण सिमला तिथल्या नेटवर्कवर घ्यायचं की नाही हे तुमची इथली कंपनी ठरवते, तुमच्या नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग चालू आहे का ते बघून.

बाबांच्या स्क्रीनवर Emergency calls only होतं. म्हणजे टॉवर सापडतोय पण सिमला आत घेत नाहीये. मी त्यांना मोबाईल नेटवर्क, मग नेटवर्क ऑपरेटरमध्ये जाऊन ऑटोमॅटिक बंद करायला सांगितलं, एकदोन मिनिटं शोधल्यावर यादीत etisalat आणि du दोन्ही आले. एकावर लागत नसेल आणि दुसऱ्यावर लागलं तर प्रश्न तिथेच मिटतो, फक्त पॅक ज्या नेटवर्कवर चालतो तेच निवडा, नाहीतर पॅक असूनही साध्या रेटने पैसे कापले जाऊ शकतात. बाबांना दोन्हीकडून नकार आला, म्हणजे सिमवर रोमिंगच चालू नाही हे जवळपास नक्की.

आता पॅक घ्यायचा तर बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येणार, आणि सिम तर बंद! शेवटी मी पुण्यातून त्यांच्या नंबरवर रोमिंग पॅकचा रिचार्ज मारला, त्याबरोबर सेवाही चालू झाली. अर्ध्या तासाने फ्लाइट मोड लावून काढला, नेटवर्क परत ऑटोमॅटिकवर टाकलं आणि du पकडलं.

पण नेट काही चालेना. मला फोन लागत होता, एसएमएस येत होते, फक्त व्हॉट्सॲप वायफाय सोडलं की ठप्प. विचारलं तर मधल्या काळात बिल येईल या भीतीने त्यांनी Data roaming बंद करून टाकलं होतं. आता मात्र दोष खरंच त्या स्विचचा होता, चालू केल्यावर मिनिटभरात मेसेज धडाधड आले. फोनमध्ये दोन सिम असतील तर मोबाईल डेटासाठी पॅकवालं सिम निवडलंय का तेही बघा, कारण हा स्विच प्रत्येक सिमचा वेगळा असतो आणि आपण भलत्याच सिमचा चालू करून बसतो.

पॅक निघायच्या आधी घरूनच घ्या, ओटीपी येतोय तोवर. बऱ्याच पॅकचे दिवस तिकडचं नेटवर्क पकडल्यावरच मोजायला लागतात, पण काहींचे रिचार्जपासून, तेवढं घेताना वाचा.