बिलासोबत जन्मलेला नंबर

आमच्या सोसायटीची खजिनदारी माझ्याकडे आली तेव्हा पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळली. पैसे वेळेवर येतात, पण ते कोणाचे याचा पत्ता लागत नाही. मेंटेनन्स सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे रकमेवरून काही कळायला मार्ग नाही. नावावरून ओळखावं तर फ्लॅट आईच्या नावावर आणि पैसे भरतो बंगळुरूला राहणारा मुलगा. मग ग्रुपवर स्क्रीनशॉट येतात, 'यूटीआर पाठवलाय, बघून घ्या'. महिन्याचे दोन रविवार त्यात जातात.

यूटीआर हा बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेला खराखुरा, एकमेव नंबर असतो, तरी तो इथे कामाला येत नाही. कारण तो पैसे निघाल्यावर तयार होतो. मी बिल छापतो तेव्हा तो अस्तित्वातच नसतो, मग माझ्या वहीत तो आधीपासून कुठून असणार? जमा आपोआप जुळायची तर नंबर बिलासोबतच जन्माला आला पाहिजे आणि पैशांबरोबर न बदलता परत आला पाहिजे. हे काम पूर्ण देशभर कसं करता येतं, ते स्वित्झर्लंडच्या बिलावर फार छान दिसतं.

तिथे दशकानुदशके बिलाला नारिंगी पावती जोडलेली असे आणि तिच्यावर लांबलचक संदर्भ क्रमांक छापलेला असे. ३० जून २०२० पासून क्यूआर कोडवालं बिल आलं आणि ३० सप्टेंबर २०२२ नंतर जुन्या पावत्या बंद झाल्या. नव्या बिलाच्या तळाशी ४६ मिलिमीटरचा चौकोनी कोड असतो, त्याच्या मधोमध स्विस क्रॉस. कोडचा मधला भाग झाकला तरी तो वाचता येतो, कारण त्यातली माहिती थोडी जादा भरून लिहिलेली असते आणि हरवलेले तुकडे उरलेल्यांवरून काढता येतात.

कोडच्या आत गुप्त काही नाही, ओळीखाली ओळ असा साधा मजकूर आहे. समजा, झुरिकमधल्या एका दंतवैद्याने ग्राहक क्रमांक ४०२१ ला १३७५ नंबरचं, १८५.५० फ्रँकचं बिल दिलं. मधल्या नाव-पत्त्याच्या ओळी वगळून त्यातलं महत्त्वाचं एवढंच (खाते क्रमांक नमुन्याचा आहे):

```
SPC
...
CH4431999123000889012
...
185.50
CHF
...
QRR
000000000000000040210013757
...
EPD
```

शेवटून तिसरी ओळ म्हणजे आपला नंबर. सत्तावीस आकडे: डावीकडे शून्यं, मग ४०२१, मग सहा घरांत ००१३७५ आणि अगदी शेवटी ७. हा ७ कुठून आला ते पुढे सांगतो.

आधी खाते क्रमांक पाहा. त्यातले पाचव्यापासून नवव्यापर्यंतचे आकडे आहेत ३१९९९. ही जागा बँकेच्या ओळखीची, आणि ३०००० ते ३१९९९ हा पट्टा खास अशा बिलांसाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे खाते क्रमांक पाहूनच बँकेला कळतं की या खात्यात सत्तावीस आकडी संदर्भाशिवाय पैसे येताच कामा नयेत. संदर्भ नसेल किंवा चुकीचा असेल तर व्यवहार दारातच अडतो. मला या व्यवस्थेतली ही सर्वात शहाणपणाची गोष्ट वाटते. 'रिमार्कमध्ये फ्लॅट नंबर लिहा' अशी विनंती आपण करतो. तिथे ती विनंती उरतच नाही, ते खात्याचंच बंधन होतं.

आता तो ७. कोड स्कॅन केला तर आकडे चुकत नाहीत, पण काही लोक कागदावरचा नंबर बँकेच्या पानावर हाताने भरतात. त्यासाठी शेवटचा आकडा पहारेकरी म्हणून ठेवलेला असतो. दहा आकड्यांची एक ठरलेली रांग आहे: ०, ९, ४, ६, ८, २, ७, १, ३, ५. तिची घरं शून्यापासून मोजायची. सुरुवातीला हातचा शून्य. हातच्यात संदर्भातला पुढचा आकडा मिळवायचा, बेरजेतलं फक्त एकक घ्यायचं आणि रांगेत त्या घरात जे सापडेल तो नवा हातचा.

सुरुवातीच्या शून्यांनी हातचा शून्यच राहतो. मग ४ आला: चौथ्या घरात ८. पुढे ०: ८ अधिक ०, आठव्या घरात ३. पुढे २: बेरीज ५, पाचव्या घरात २. पुढे १: बेरीज ३, तिसऱ्या घरात ६. असंच ००१३७५ मधून गेलं की हातचे येतात ७, १, ४, १, ३, ३. शेवटचा हातचा ३, तो दहातून वजा केला की ७. तोच बिलावर छापला.

कुणी घाईत ४०२१ ऐवजी ४०१२ भरलं, तर हीच रीत शेवटी २ देते. छापलेला आकडा ७ आहे, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडली. एकच आकडा चुकला असेल तर ही रीत तो हमखास पकडते. शेजारचे दोन आकडे उलटले तरी जवळजवळ नेहमी पकडते, पण नेहमीच नाही. हातचा शून्य असताना ४७ लिहा किंवा ७४, दोन्हीकडून हातचा २ च येतो. त्यामुळे ४७०२ आणि ७४०२ या ग्राहकांच्या नंबरांची अदलाबदल या पहारेकऱ्याला दिसत नाही. कुठल्याही हातच्याला आकड्यांच्या पंचेचाळीस जोड्यांपैकी अशी एकच जोडी निसटते. म्हणून संगणकाने संदर्भाबरोबर रक्कमही ताडून पाहायची असते.

बँक दंतवैद्याला जमा झालेल्या रकमांची फाइल पाठवते, प्रत्येक रकमेशेजारी तिचा संदर्भ. संगणक संदर्भावरून बिल शोधतो, रक्कम जुळली की बिल मिटवतो. माणसाने बघायच्या म्हणून उरतात त्या वेगळ्या जमा: कुणी एकच बिल दोनदा भरलं, कुणी दोन बिलांचे पैसे एकाच संदर्भावर टाकले, कुणी गेल्या महिन्याचा कोड पुन्हा वापरला. यातल्या प्रत्येक वेळी नंबर खरा असतो, पण रक्कम किंवा बिलाची स्थिती बसत नाही. अशी जमा आपोआप मिटवू न देता बाजूला काढणं हेच चांगल्या सॉफ्टवेअरचं लक्षण. आणि ईमेलमधल्या बिलावर कुणी खाते क्रमांकच बदलून नवा कोड चिकटवला, तर पहारेकरी आकडा काही करू शकत नाही. तो हाताच्या चुका पकडतो, लबाडी नाही.

आपल्याकडे यूपीआयच्या कोडमध्येही याची सोय आहे. कोडमधल्या मजकुरात `am` म्हणजे रक्कम, `tn` म्हणजे शेरा आणि `tr` म्हणजे घेणाऱ्याने आधीच दिलेला संदर्भ. दुकानातल्या स्टिकरवर मात्र सहसा नाव आणि यूपीआय पत्ता यांपलीकडे काही नसतं, तो सगळ्यांना एकच. `tr` चा खरा उपयोग होतो तो व्यापारी खात्याला, जिथे बँक किंवा पेमेंट कंपनी तो नंबर जमेच्या नोंदीसोबत घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरकडे परत करते. साध्या खात्याच्या पासबुकात त्याचा भरवसा धरू नये.

आमच्या सोसायटीने शेवटी वेगळा रस्ता धरला. बँकेने प्रत्येक फ्लॅटला एक आभासी खाते क्रमांक दिला: सुरुवातीचे आकडे सोसायटीचे, शेवटचे फ्लॅटचे. पैसे पडतात एकाच खात्यात, पण कोणत्या नंबरावर आले ते नोंदीत राहतं. इथे संदर्भ खाते क्रमांकातच मुरलेला आहे, त्यामुळे तो विसरता येत नाही. कमतरता एवढीच की नंबर फ्लॅटचा आहे, बिलाचा नाही. तीन महिने थकवणाऱ्याने एका महिन्याचे पैसे भरले की ते कोणत्या बिलात धरायचे, हे आम्ही नियम करून ठरवलं: सर्वात जुनं बिल आधी.