भाग वाढले म्हणजे मालिका वाढली असं नाही

'मनी हाइस्ट'चे एकूण भाग किती? एका यादीत ४१ दिसतात, दुसरीत ४८. आपल्या आवृत्तीत सात भाग कापले, अशी शंका लगेच येते. पण दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि फरक सगळा पहिल्या सीझनचा आहे.

ही मालिका २०१७ मध्ये स्पेनच्या अँटेना ३ वाहिनीवर आली तेव्हा पहिल्या दरोड्याची गोष्ट १५ भागांत संपली होती: आधी नऊ, मग थोड्या खंडानंतर सहा. एकेक भाग साधारण ७० मिनिटांचा. नेटफ्लिक्सने ती जगभर दाखवायला घेतली तेव्हा तेच चित्रण पुन्हा कापून २२ भाग केले. नवाचे तेरा झाले, सहाचे नऊ, आणि भागाची लांबी पाऊण तासाच्या आसपास आली. पुढचे पार्ट नेटफ्लिक्ससाठीच बनले, त्यामुळे तिथे मोजणीचा घोळ नाही.

ही झाली फेरविभागणी. गोष्ट साधारण तेवढीच राहते, थांबे तेवढे बदलतात. त्यामुळे भागाचा क्रमांक सांगून काही कळत नाही. स्पेनमधला पाचवा भाग नेटफ्लिक्सवर साधारण सहाव्या-सातव्यात शोधावा लागतो. स्पॅनिश प्रसारणाची सबटायटल्स नेटफ्लिक्सच्या भागाला लावली, तर पहिल्या भागात जुळल्यासारखी वाटतात आणि दुसऱ्यात पार भलत्याच प्रसंगाचे संवाद दाखवतात. मला याहून जास्त खटकतं ते वेगळंच: लेखकाने उत्कंठेचा क्षण भागाच्या शेवटी येईल असा बेतलेला असतो, तो आता भागाच्या मधोमध येऊन निघून जातो.

विस्तारित आवृत्ती याच्या उलट वागते. 'फ्रेंड्स'च्या अमेरिकेतल्या डीव्हीडी संचांत अनेक भागांमध्ये प्रसारणात नसलेले संवाद आणि प्रसंग आहेत, पण भाग तितकेच. म्हणजे इथे खरोखर जास्त पाहायला मिळतं आणि यादीवरून ते कळतच नाही. (याच मालिकेचा शेवटचा दुहेरी भाग कुणी एक मोजतं, कुणी दोन, म्हणून दहाव्या सीझनचे भाग कुठे १७, कुठे १८. तो नुसता मोजण्याचा प्रश्न.)

तेव्हा भाग मोजू नका, मिनिटं मोजा. १५ गुणिले ७० म्हणजे १०५० मिनिटं. २२ गुणिले ४७ म्हणजे १०३४. इतका जवळचा आकडा आला तर ती फेरविभागणी. भाग तितकेच आणि प्रत्येक भाग दोन-चार मिनिटांनी लांब, तर बहुधा वाढीव चित्रण. मात्र युरोपात टीव्हीसाठी चित्रपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटींवरून २५ करण्याची जुनी पद्धत आहे, आणि त्याने काहीही न कापता वेळ चार टक्के घटतो. २२ मिनिटांच्या भागात जेमतेम मिनिटभर कमी दिसलं, तर आधी हे कारण तपासा. खात्री करायची तर दोन्ही आवृत्त्यांतला एकच प्रसंग लावून संवाद जुळवून पाहा.