एकोणपन्नास रोल लागतात, अठ्ठेचाळीस का पुरत नाहीत?

कागद कारखान्यातल्या यंत्रावरून कागद उतरतो तो यंत्राच्या पूर्ण रुंदीचा, आणि गिऱ्हाइकाला हवी असलेली रुंदी त्याहून बरीच कमी असते. म्हणून तो मोठा रोल, ज्याला जम्बो म्हणतात, रीवाइंडरवर चढवून गोल पात्यांनी लांबीच्या दिशेने चिरतात आणि मागणीप्रमाणे अरुंद रोल तयार करतात. कडेला उरलेली पट्टी, म्हणजे ट्रिम, पुन्हा लगद्यात जाते. कागद त्यामुळे परत मिळतो, पण तो वाळवण्यासाठी खर्च झालेली वाफ परत मिळत नाही. पाती कशी लावली म्हणजे सगळी मागणी कमीत कमी जम्बोंमध्ये भागेल, हा प्रश्न वरवर पाहता अनुभवी कामगाराच्या अंदाजावर सोडण्याजोगा वाटतो. प्रत्यक्षात अंदाज किती फसतो हे एका छोट्या उदाहरणात पाहता येते.

समजा जम्बो ३०० सेंमी रुंद आहे आणि १३० सेंमीचे ४०, ९० सेंमीचे ६० व ७० सेंमीचे ५० रोल हवे आहेत. लांबी सगळ्यांची सारखीच. सर्वांत रुंद तुकडे आधी काढावेत, हा पहिला विचार कोणालाही सुचेल. एका जम्बोतून १३० चे दोन निघतात, म्हणून २० जम्बो; ९० चे तीन निघतात, म्हणून आणखी २०; ७० चे चार निघतात, म्हणून १३. एकूण ५३ जम्बो. मागणीची एकूण रुंदी १४,१०० सेंमी आहे, म्हणजे एक सेंमीही वाया न घालवता ४७ जम्बो पुरले असते. ४७ आणि ५३ यांच्यामध्ये खरे उत्तर कुठेतरी आहे.

ते शोधण्यासाठी आधी एका जम्बोचे काय काय करता येते याची पूर्ण यादी करायची. पद्धत सरळ आहे: सर्वांत रुंद तुकडा जास्तीत जास्त किती वेळा बसतो तिथून सुरुवात करायची, उरलेली जागा पुढच्या रुंदीने भरायची, मग मोठ्या तुकड्यांची संख्या एकेकाने कमी करत तेच पुन्हा करायचे. ज्या मांडणीत आणखी एखादा तुकडा मावतो ती अपुरी म्हणून सोडून द्यायची. १३०, ९० आणि ७० च्या तुकड्यांची संख्या याच क्रमाने लिहिली, तर आपल्या जम्बोचे सातच नमुने निघतात. २-०-० मध्ये ४० सेंमी उरतात, १-१-१ मध्ये १०, १-०-२ मध्ये ३०, ०-३-० मध्ये ३०, ०-२-१ मध्ये ५०, ०-१-३ मध्ये काहीच नाही आणि ०-०-४ मध्ये २०. आता पाती कुठे लावायची हा प्रश्न राहिला नाही. कोणता नमुना किती वेळा चालवायचा एवढाच राहिला.

यादी समोर आली की ०-१-३ वर नजर जाते, कारण त्यात ट्रिम शून्य आहे. तोच जमेल तितका चालवू या. १६ जम्बोंमध्ये ९० चे १६ आणि ७० चे ४८ निघतात, ७० चे दोनच उरतात. ते दोन १-१-१ मध्ये बसवले, तर १३० चे ३८ आणि ९० चे ४२ बाकी राहतात, आणि त्यांच्यासाठी आता २-०-० व ०-३-० हेच दोन नमुने शिल्लक आहेत: १९ आणि १४ जम्बो. बेरीज ५१. म्हणजे एकही सेंमी वाया न घालवणाऱ्या नमुन्याने ७० चे तुकडे संपवून टाकले, आणि १३० च्या शेजारची जागा भरायला कोणी उरले नाही. नुकसान दिसते ते शेवटच्या जम्बोंच्या ट्रिममध्ये, पण ते झालेले असते पहिल्या जम्बोपासून. अनुभवी माणूसही इथेच चुकतो, असे मला वाटते.

उलट १-१-१ हा नमुना ४० वेळा चालवला, तर १३० ची मागणी पुरी होते आणि ९० चे २० व ७० चे १० उरतात. मग ०-१-३ तीनदा, ०-३-० पाचदा, आणि उरलेल्या दोन ९० व एका ७० साठी ०-२-१ एकदा. एकूण ४९ जम्बो. ५३ जम्बोंच्या योजनेतली १८ मीटर ट्रिम ६ मीटरवर आली. गंमत अशी, की यादीतला सर्वांत उधळा नमुना, ५० सेंमी टाकणारा, याही योजनेत एकदा लागलाच.

पण ४८ मध्ये का जमणार नाही? सगळ्या योजना तपासून पाहणे हा एक मार्ग झाला, पण याहून देखणा मार्ग आहे. प्रत्येक तुकड्याला एक भाव लावू: १३० ला ४, ९० ला ३, ७० ला २. आता सातही नमुन्यांची किंमत काढली, तर ती ८ किंवा ९ येते, ९ च्या वर कधीच जात नाही. मागणीची एकूण किंमत मात्र १६० + १८० + १०० = ४४० आहे. एका जम्बोतून ९ पेक्षा जास्त मिळत नसेल, तर ४८ जम्बोंतून फार तर ४३२ मिळतील. म्हणून ४९ हवेतच.

हे भाव हवेतून आणलेले नाहीत. मर्यादा पाळून कमीत कमी खर्चाचे उत्तर शोधणाऱ्या रेषीय नियोजनाच्या गणितात ते उत्तराबरोबर आपोआप बाहेर पडतात. सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये लेनिनग्राडमध्ये उत्पादन नियोजनावर छोटी पुस्तिका काढली, तिच्यात कच्चा माल कापताना होणारी नासाडी कमी करण्याचाही प्रश्न होता आणि असेच भाववजा गुणक होते.

सात नमुने कागदावर मावतात. पण २०० इंची जम्बोतून २० ते ८० इंचांच्या ४० वेगवेगळ्या रुंदी कापायच्या असतील, तर नमुने कोटीच्या घरात जातात आणि यादी करणेच अशक्य होते. १९६१ मध्ये आयबीएममधील पॉल गिलमोर आणि राल्फ गोमोरी यांनी यावर तोड काढली: यादी करूच नका, गरज पडेल तसा एकेक नमुना शोधा. आपल्या उदाहरणात फक्त २-०-०, ०-३-० आणि ०-०-४ घेऊन सुरुवात केली, आणि जम्बोची किंमत १२ धरली, तर १३० चा भाव ६, ९० चा ४ आणि ७० चा ३ होतो. आता विचारायचे, या भावाने १२ पेक्षा जास्त किमतीचा माल ३०० सेंमीमध्ये भरता येईल का? येतो: १-१-१ ची किंमत १३ होते. तो नमुना यादीत घ्यायचा, भाव नव्याने काढायचे, पुन्हा तोच प्रश्न. असा एकही नमुना सापडेनासा झाला की थांबायचे. ठरावीक पिशवीत जास्तीत जास्त मोलाच्या वस्तू भरण्याचे हे कोडे कोटी नमुने न मोजताही झटकन सुटते.

एक अडचण मात्र राहते. या गणिताला अपूर्णांक चालतात, रीवाइंडरला चालत नाहीत. आपल्या बाबतीत ते सांगते की १-१-१ चाळीस वेळा, ०-१-३ तीन पूर्णांक एक तृतीयांश वेळा आणि ०-३-० सुमारे साडेपाच वेळा चालवा, म्हणजे ४८.८९ जम्बो. सगळे वर ओढून पूर्ण केले तर ५० होतात; खाली ओढून उरलेली मागणी वेगळी सोडवली तर ४९. शिवाय नमुना बदलला की यंत्र थांबवून पाती सरकवावी लागतात. ४९ च्या योजनेत चार नमुने आहेत, ५० च्या योजनेत तीनच, आणि वर ९० व ७० चे दोन-दोन रोल जास्तीचे निघतात. ते रोल गोदामात ठेवून पुढच्या मागणीत खपणार असतील, तर पाळीवरचा माणूस ५० चीच योजना उचलेल.